पहिली नोकरी, शिल्लक शून्य: अडीनडीचा निधी, कर्जफेड आणि गुंतवणूक कोणत्या क्रमाने करायची?

पहिला पगार खात्यात पडला की बहुतेकजण पुढच्या तीन चुकांपैकी एखादी करतात. क्रेडिट कार्डाची थकबाकी तशीच ठेवून एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रकमेची गुंतवणूक, सुरू करतात. किंवा हातातला सगळा पैसा कर्जात भरतात आणि महिन्याभरात गाडी बंद पडली की तेच कार्ड पुन्हा काढतात. किंवा सहा महिन्यांचा निधी साठेपर्यंत कर्जाकडे बघतच नाहीत आणि तोवर व्याज वाढत राहतं. तिन्ही कामं करायची आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. घोळ होतो तो क्रमात.

क्रम थोडक्यात असा: आधी लहान निधी, मग महागडं कर्ज, मग पूर्ण निधी आणि शेवटी स्वस्त कर्ज व गुंतवणूक एकत्र. प्रत्येक पायरी कुठे संपते हे आकड्यांतच ठरवावं लागतं, म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. लातूरहून पुण्यात नोकरीला आलेली एक मुलगी आहे. तिच्या हातात दरमहा ३६,००० रुपये येतात. शिल्लक काही नाही. क्रेडिट कार्डावर ४०,००० रुपये थकले आहेत. शैक्षणिक कर्ज साडेतीन लाखांचं, व्याज १०.५ टक्के, मुदत सात वर्षं आणि हप्ता ५,९०० रुपये.

## तयारी: तीन कागद आणि एक आकडा

पहिला कागद म्हणजे पगाराची पावती. ऑफर लेटरमधल्या वार्षिक सीटीसीला बाराने भागून हिशेब करू नका. त्यात कंपनीचा पीएफ आणि बहुधा ग्रॅच्युइटीही धरलेली असते, कधी कधी मिळेलच असं नसलेला बोनसही असतो. हिशेब खात्यात प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेवरच करायचा. पहिला महिना अर्धा असेल तर दुसऱ्या पावतीची वाट पाहा.

दुसरा कागद कर्जांचा. प्रत्येक कर्जापुढे चार गोष्टी लिहा: शिल्लक मुद्दल, वार्षिक व्याजदर, हप्त्याची तारीख आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा आकार. मोबाइलचा हप्ता, ‘आत्ता घ्या, नंतर भरा’ प्रकारातली उधारी, ॲपवरून घेतलेलं कर्ज आणि मामांकडून घेतलेले हातउसने पैसे, सगळं यात आलं पाहिजे. लोक नेमकी लहान कर्जं लिहायची विसरतात, आणि त्यांचाच दर सर्वांत जास्त निघतो.

तिसरा कागद अटळ खर्चाचा. उद्या नोकरी गेली तरी जो खर्च थांबवता येणार नाही, तेवढाच यात धरायचा. आपल्या उदाहरणात तो असा आहे:

- खोलीभाड्यातला वाटा: ८,०००
- मेस आणि नाश्ता: ५,५००
- प्रवास: २,०००
- मोबाइल, वीज, इंटरनेट, सिलिंडर: १,५००
- घरी पाठवायचे: ४,०००
- शैक्षणिक कर्जाचा हप्ता: ५,९००
- औषधं आणि किरकोळ: १,१००

एकूण २८,००० रुपये. पुढची सगळी गणितं याच आकड्यावर उभी राहणार आहेत. हातात उरतात ८,०००. त्यातले १,५०० कपडे, सिनेमा, मित्रमैत्रिणींसाठी मुद्दाम बाजूला ठेवले आहेत. हौसेला शून्य रुपये ठेवलेलं अंदाजपत्रक दुसऱ्या महिन्यातच मोडतं आणि ते मोडतं कार्डावरच. म्हणजे कामाला लावायला दरमहा ६,५०० रुपये उरले.

तपासा: घरी पाठवायची रक्कम अटळ खर्चात धरली का? आई-वडील त्या पैशावर अवलंबून असतील तर नोकरी गेल्यावरही ती थांबवता येत नाही. ही ओळ ज्यांच्याकडून सुटते त्यांचा निधी पुढे नेहमी अपुरा पडतो.

## पायरी १: गळती बंद करा

एक रुपयाही साठवण्याआधी तीन कामं पहिल्याच आठवड्यात उरका.

हप्त्यांच्या तारखा पगारानंतर तीन-चार दिवसांवर आणा. पगार एक तारखेला होत असेल तर हप्ता पाच तारखेला ठेवा. बँकेकडे किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेकडे अर्ज केला की तारीख बहुधा बदलून मिळते. खात्यात पैसे नसल्यामुळे हप्ता परत गेला तर तुमची बँक आकार लावते, कर्ज देणारी संस्थाही लावते, त्यावर जीएसटी येतो आणि कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या सिबिलच्या नोंदीत उशीर दिसतो. एका चुकलेल्या हप्त्यात महिन्याच्या बचतीचा मोठा भाग जाऊ शकतो.

क्रेडिट कार्ड वापरणं थांबवा. खरेदीच्या आणि जेवण मागवायच्या ॲपमध्ये साठवलेला कार्डाचा नंबर काढून टाका. इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. मागचं बिल पूर्ण भरलेलं नसेल तर नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत आणि खरेदीच्या तारखेपासूनच व्याज सुरू होतं. म्हणजे थकबाकी असताना कार्डावर घेतलेल्या भाजीवरही व्याज चालू असतं.

आरोग्य विम्याची खात्री करा. कंपनीचा सामूहिक विमा किती रकमेचा आहे, तो रुजू झाल्या दिवसापासून लागू आहे का आणि आई-वडिलांना त्यात घेता येतं का, हे एचआरला ईमेलवर विचारा. आई-वडिलांची नावं घालायची मुदत अनेक ठिकाणी रुजू झाल्यावर थोडेच दिवस असते, ती गेली की पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं. विमा अजिबात नसेल तर आधी स्वतःची साधी पॉलिसी घ्या. रुग्णालयाचं लाखाचं बिल पंधरा हजारांच्या निधीने भागत नाही.

सावधान: याच सुमारास ओळखीतलं कुणीतरी ‘बचत आणि विमा दोन्ही’ म्हणत एंडोमेंट पॉलिसी किंवा युलिप घेऊन येतं. वर्षाला तीस-चाळीस हजारांचा हप्ता बांधला गेला तर पुढच्या सगळ्या पायऱ्या अडतात. युलिपमधला पैसा पाच वर्षं काढता येत नाही आणि एंडोमेंट लवकर मोडली तर भरल्यापेक्षा कमी हातात येतं. सही होऊन गेली असेल तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. या काळात किरकोळ वजावट होऊन हप्ता परत मिळतो. तारीख बघा आणि अर्ज लेखी द्या.

## पायरी २: लहान निधी, अर्ध्या महिन्याच्या खर्चाएवढा

थकबाकी असताना निधी साठवणं गणितात तोट्याचंच दिसतं. बचत खात्यावर अडीच-तीन टक्क्यांच्या आसपास मिळतात आणि कार्डावर चाळीसच्या वर जातात. तरी अर्ध्या महिन्याचा अटळ खर्च आधी बाजूला काढायचा, कारण शिल्लक शून्य असताना आलेला प्रत्येक अनपेक्षित खर्च पुन्हा त्याच महागड्या कर्जातून भागवावा लागतो. दुचाकीचं काम, दातदुखी, घरून अचानक आलेला फोन, हे खर्च वर्षभरात येणारच असतात. फक्त त्यांची तारीख आधी कळत नाही.

उदाहरणात अर्धा महिना म्हणजे १४,०००. सोयीसाठी १५,००० धरू. त्याहून मोठा निधी या टप्प्यावर नको. जास्तीचा प्रत्येक हजार दरमहा चाळीस-एक रुपयांचं व्याज वाढवत राहतो.

हे पैसे पगाराच्या खात्यात राहता कामा नयेत. दुसऱ्या बँकेत बचत खातं उघडा. त्याला यूपीआय जोडू नका, डेबिट कार्ड पाकिटात ठेवू नका. पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप रक्कम जाईल अशी स्थायी सूचना बँकेला द्या. ‘महिन्याच्या शेवटी उरेल ते टाकू’ असं ठरवलं तर काही उरत नाही.

सावधान: हा निधी भिशीत ठेवू नका. भिशीत तुमचा नंबर कधी लागेल यावर पैसा अवलंबून असतो आणि अडचण नंबर बघून येत नाही. पतसंस्थेतही ठेवू नका. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकाही त्यात आल्या, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत डीआयसीजीसी या ठेव विमा संस्थेचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. आणि बँकेतला पैसा विम्याने सुरक्षित असला तरी तो त्या क्षणी हातात येईलच असं नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. म्हणून निधीसाठी मोठी, स्थिर बँक निवडा. अर्धा-पाऊण टक्का जास्त व्याजाचा मोह इथे उपयोगाचा नाही.

## पायरी ३: महागडं कर्ज, दराच्या क्रमाने

महागडं म्हणजे किती? आपण १२ टक्क्यांची रेघ धरू. त्यावरच्या दराचं कर्ज फेडणं हा निश्चित फायदा आहे. तेवढा परतावा खात्रीने देणारी दुसरी गुंतवणूक बाजारात नाही. कार्डाची थकबाकी, ॲपवरची कर्जं आणि बहुतेक वैयक्तिक कर्जं या रेघेच्या वर येतात. शैक्षणिक आणि गृहकर्ज बहुधा खाली येतं.

रेघेच्या वरची कर्जं व्याजदराच्या उतरत्या क्रमाने लावा, रकमेच्या क्रमाने नाही. सगळ्यांचे ठरलेले हप्ते भरायचेच, पण जास्तीचा प्रत्येक रुपया पहिल्या नंबरच्या कर्जाला द्यायचा. दोन कर्जांच्या दरांत एक-दोन टक्क्यांचाच फरक असेल तर लहान रकमेचं आधी संपवायला हरकत नाही, कारण त्याचा हप्ता सुटला की पुढच्या कर्जाला जोर मिळतो. मामांचे बिनव्याजी पैसे शेवटी ठेवता येतात, पण एक तारीख ठरवून त्यांना सांगा आणि ती पाळा.

आता कार्डाचं गणित. दरमहा ३.५ टक्के व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दरमहा ४.१३ टक्के. ४०,००० वर पहिल्याच महिन्यात १,६५२ रुपये. बिलावर छापलेली किमान रक्कम ५ टक्के, म्हणजे २,००० रुपये भरले तर मुद्दल जेमतेम ३५० रुपयांनी कमी होतं. किमान रक्कम भरल्याने फक्त उशिराचा आकार टळतो, कर्ज जवळपास जागच्या जागी राहतं.

म्हणून फेड सुरू करण्याआधी कार्डाच्या बँकेला फोन करून थकबाकी हप्त्यांमध्ये बदलून मागा. असं समजू की १६ टक्के दराने बारा महिने आणि २ टक्के प्रक्रिया शुल्क, असा प्रस्ताव मिळाला. हप्ता ३,६३० रुपये बसतो, व्याजावरचा जीएसटी धरून सरासरी ३,७०० च्या आत. शुल्क आणि जीएसटीसकट बारा महिन्यांचा एकूण खर्च सुमारे ५,१०० रुपये.

हीच थकबाकी न बदलता दरमहा ६,५०० भरत गेलं तर ती आठव्या महिन्यात संपते, पण व्याजात सुमारे ७,१०० जातात आणि त्या आठ महिन्यांत निधीत एक रुपयाही पडत नाही. हप्त्यांच्या मार्गाने दरमहा २,८०० मोकळे राहतात, म्हणजे निधी आणि फेड दोन्ही एकाच वेळी चालतं. सहाव्या महिन्यात १५,००० चा लहान निधी पूर्ण होतो. बाराव्या महिन्याच्या शेवटी कार्ड शून्यावर येतं आणि शुल्क वजा जाऊन निधीत ३२,५०० च्या आसपास जमलेले असतात.

सावधान: हप्त्यांत बदललेल्या रकमेएवढी कार्डाची मर्यादा अडकते आणि हप्ता भरत जाल तशी ती मोकळी होते. मोकळी झालेली मर्यादा खर्चायला सुरुवात केली की वर्षाअखेरीस हप्ताही असतो आणि नवी थकबाकीही. हा मार्ग कार्ड खरोखर बंद ठेवणाऱ्यांसाठीच आहे. दर, शुल्क आणि मुदतीआधी बंद करण्याचा आकार ईमेलवर मागून घ्या, फोनवरच्या शब्दावर हो म्हणू नका.

बँकेने नकार दिला तर पगाराच्या बँकेत वैयक्तिक कर्जाचा दर विचारा. तो कार्डाच्या दराच्या निम्म्याहून कमी असेल तर त्यातून कार्ड एकरकमी फेडा. तेही जमत नसेल तर लहान निधीचं लक्ष्य १०,००० वर आणा, तेवढे होईपर्यंत कार्डाला किमान रक्कम द्या आणि त्यानंतर सगळे ६,५०० कार्डाकडे वळवा. आधीच नसलेल्या निधीतून कार्ड फेडता येत नाही, आणि निधीशिवाय फेडलेलं कार्ड फार दिवस शून्यावर राहत नाही.

ॲपवरच्या कर्जाबद्दल एक वेगळी सूचना. करारात कर्ज देणाऱ्या बँकेचं किंवा एनबीएफसीचं, म्हणजे बिगरबँक वित्त कंपनीचं, नाव आणि वार्षिक दरासकट मुख्य माहितीपत्रक असायला हवं. ते नसेल, किंवा ॲप तुमचे फोनमधले संपर्क मागत असेल, तर ते कर्ज दर काहीही असो, यादीत सर्वांत वर घ्या आणि फेडून झाल्यावर थकबाकी नसल्याचं पत्र मिळवा.

तपासा: शेवटचा हप्ता गेल्यानंतर एक महिन्याने कार्डाचं बिल बघा. व्याज शेवटच्या दिवसापर्यंत मोजलं जातं, त्यामुळे चाळीस-पन्नास रुपये शिल्लक राहू शकतात. ते दुर्लक्षित राहिले की त्यावर व्याज चढत राहतं आणि सिबिलवर थकबाकीची नोंद जाऊ शकते.

## मध्येच एक प्रश्न: पीएफ बंद करता येईल का?

करू नका. पीएफची कपात दिसते तेव्हा ती गुंतवणूकच आहे, आणि पगारातून परस्पर जात असल्यामुळे तिचा क्रम आपोआप पहिला लागतो. कपात १५,००० च्या मर्यादेवर होत असेल तर तुमचे दरमहा १,८०० जातात आणि कंपनीही तेवढेच घालते. कंपनीच्या वाट्यातले १,२५० पेन्शनकडे आणि ५५० पीएफमध्ये जमा होतात. २०२४-२५ साठी पीएफचा व्याजदर ८.२५ टक्के होता. म्हणजे ‘मी अजून काहीच गुंतवत नाही’ ही टोचणी खरी नाही. म्हणूनच पहिली दीड-दोन वर्षं एसआयपी नसली तरी बिघडत नाही.

मात्र पीएफला अडीनडीचा निधी समजू नका. दावा मंजूर व्हायला वेळ लागतो, नावात किंवा बँक खात्यात तफावत असेल तर तो परत येतो. पाच वर्षांच्या सलग सेवेआधी खातं बंद करून काढलेल्या रकमेवर सर्वसाधारणपणे कर लागतो. नोकरी बदलली तर जुना यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, नव्या कंपनीला द्या आणि शिल्लक तिकडे वर्ग करा.

## पायरी ४: पूर्ण निधी

महागडं कर्ज संपलं की सगळे ६,५०० निधीकडे वळवा. लक्ष्य तीन महिन्यांचा अटळ खर्च, म्हणजे ८४,०००. हातात ३२,५०० आहेतच. उरलेले ५१,५०० जमायला आठ महिने लागतात. म्हणजे पहिल्या पगारापासून विसाव्या महिन्यात ही पायरी संपते.

तीन महिने कुणाला पुरतात? कायम नोकरी आहे, घरात आणखी कुणीतरी कमावतं आणि गरज पडली तर गावी परत जाता येतं, त्यांना. कंत्राटी नोकरी असेल, घरात एकटीच कमावती असाल किंवा आई-वडिलांचा औषधपाण्याचा खर्च कायमचा असेल, तर सहा महिने धरा. प्रोबेशन चालू असेल तर तो संपेपर्यंत पुढच्या पायरीला हात लावू नका. नोकरी सुटल्यावर कंपनीकडून अखेरचा हिशेब मिळायला काही आठवडे जाऊ शकतात, त्यामुळे ‘शेवटचा पगार आहेच’ असं धरून निधी कमी ठेवणं धोक्याचं ठरतं.

जॉइनिंग बोनस मिळाला असेल तर ऑफर लेटरमधली अट वाचा. ठरावीक काळाआधी नोकरी सोडली तर तो परत करावा लागतो, आणि कधी कधी करासकट पूर्ण रक्कम मागितली जाते. ती मुदत संपेपर्यंत हा पैसा निधीत धरू नका, वेगळ्या मुदत ठेवीत ठेवा.

निधी ठेवायचा कसा? पंधरा-वीस हजार बचत खात्यात, बाकीच्या मुदत ठेवी. पण एकच साठ हजारांची ठेव करू नका. वीस-वीस हजारांच्या तीन करा. पंधरा हजारांची गरज पडली तर एकच मोडावी लागते आणि बाकी दोन व्याज मिळवत राहतात. मुदतीआधी मोडल्यास व्याजात साधारण अर्धा ते एक टक्का कपात होते, मुद्दलाला धक्का लागत नाही. ठेव मोबाइल ॲपवरून, सुट्टीच्या दिवशीही मोडता येते का, हे ठेव करतानाच बघा. करबचतीची पाच वर्षांची ठेव इथे चालत नाही, ती मोडताच येत नाही. अगदी अल्प मुदतीच्या रोख्यांत पैसा ठेवणारा लिक्विड फंड चालतो, पण पैसे साधारणपणे पुढच्या कामकाजाच्या दिवशी येतात, म्हणून सगळा निधी त्यात नको.

सावधान: निधी शेअर बाजारात ठेवू नका, कितीही ‘मोठ्या कंपन्यांचा’ फंड असला तरी. जानेवारी २०२० ते २३ मार्च २०२० या काळात निफ्टी हा शेअर बाजाराचा निर्देशांक सुमारे ३८ टक्के घसरला आणि त्याच महिन्यांत लोकांच्या नोकऱ्या आणि पगारही धोक्यात आले. बाजार पडणं आणि नोकरी जाणं या दोन गोष्टी अनेकदा हातात हात घालून येतात.

## पायरी ५: शैक्षणिक कर्ज आणि गुंतवणूक, एकाच वेळी

इथे पहिल्यांदा पैसा विभागायचा आहे. किती विभागायचा हे शैक्षणिक कर्जाच्या खऱ्या दरावर ठरतं.

अनेकजण म्हणतात, शैक्षणिक कर्जावर कर वाचतो म्हणून ते सावकाश फेडावं. पण व्याजावरची ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या प्रणालीत पगारदाराला १२.७५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही. आपल्या उदाहरणातली मुलगी यात सहज बसते. तिला वाचवायला करच नाही, म्हणून तिच्यासाठी कर्जाचा खरा दर पूर्ण १०.५ टक्केच आहे.

ढोबळ नियम असा लावा. दर १० टक्क्यांच्या वर असेल तर मोकळ्या रकमेतला मोठा हिस्सा कर्जाला द्या. ९ च्या खाली असेल तर हप्ता नियमित भरत राहा आणि मोठा हिस्सा गुंतवा. मधल्या पट्ट्यात निम्मे-निम्मे चालतात. बाजाराचा परतावा दहा-पंधरा वर्षांत कर्जाच्या दरापेक्षा जास्त मिळू शकतो, पण त्याची हमी कुणी देत नाही, आणि कर्जावर वाचणारं व्याज मात्र हमखास आहे.

उदाहरणात विसाव्या महिन्यानंतर शैक्षणिक कर्जाचं मुद्दल सुमारे २,८८,००० उरतं आणि ६४ हप्ते बाकी असतात. दरमहा ४,००० जास्त भरले तर कर्ज ६४ ऐवजी ३४ महिन्यांत संपतं आणि व्याजाचे सुमारे ४३,००० वाचतात. उरलेले २,५०० गुंतवणुकीला.

जास्तीची रक्कम भरताना दोन गोष्टींवर नजर ठेवा. ती मुद्दलातच जमा करायची, असं बँकेला लेखी कळवा, नाहीतर काही वेळा ती पुढच्या हप्त्याची आगाऊ रक्कम म्हणून पडून राहते आणि व्याज कमी होत नाही. आणि बँकेने विचारलं तर हप्ता कमी करण्याऐवजी मुदत कमी करायला सांगा. शैक्षणिक कर्जाचा दर बदलता असेल तर लवकर फेडण्याबद्दल दंड लावता येत नाही. स्थिर दराचं असेल तर करार वाचा.

तपासा: जास्तीची रक्कम भरल्यानंतरच्या महिन्यात कर्जखात्याचा उतारा काढा. मुद्दल तेवढ्याने उतरलेलं दिसलं पाहिजे. नसेल तर त्याच आठवड्यात शाखेत जा. सहा महिन्यांनी लक्षात आलं तर गेलेलं व्याज परत मिळवणं कठीण होतं.

ज्यांचा हप्ता अजून सुरूच झालेला नाही, त्यांच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. शिक्षण संपल्यावर सहा महिने ते वर्षभर सवलतीचा काळ असतो आणि लोक त्याला फुकटचा काळ समजतात. व्याज त्या काळातही लागत असतं. साडेतीन लाखांवर १०.५ टक्क्यांनी दरमहा ३,०६० रुपयांच्या आसपास. न भरलेलं व्याज हप्ता सुरू होताना मुद्दलात मिसळतं आणि मग व्याजावर व्याज चढतं. कार्डाची थकबाकी नसेल तर या काळात निदान दरमहाचं व्याज भरून टाका. कार्ड थकलेलं असेल तर मात्र आधी कार्ड.

आता गुंतवणुकीचे २,५००. सुरुवातीला निर्देशांकातल्याच कंपन्यांत पैसा लावणारा एकच निर्देशांक फंड पुरतो: निफ्टी ५० चा, मध्यस्थाशिवाय थेट घ्यायची डायरेक्ट योजना, नफा फंडातच ठेवणारा ग्रोथ पर्याय. एसआयपीची तारीख पगारानंतर आणि कर्जाच्या हप्त्यानंतर ठेवा. पाच-सहा फंडांत पाचशे-पाचशे टाकल्याने धोका फारसा कमी होत नाही, कारण बहुतेक फंडांत त्याच मोठ्या कंपन्या असतात, हिशेब ठेवणं मात्र अवघड होतं. नव्या करप्रणालीत असाल तर ईएलएसएस हा करबचतीचा फंड घेण्याचं कारण नाही, करात सूट मिळत नाही आणि पैसा तीन वर्षं अडकतो. येत्या पाच वर्षांत लग्न, गाडी किंवा घराच्या पहिल्या भरण्यासाठी लागणारा पैसा या फंडात नको, तो मुदत ठेवीत किंवा आवर्ती ठेवीत ठेवा.

याच पायरीवर टर्म विम्याचाही, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या विम्याचा, विचार करा. एरवी अवलंबून कुणी नसलेल्या तरुणाला त्याची घाई नसते. पण शैक्षणिक कर्जात वडील किंवा आई सहकर्जदार असतील तर तुमच्यामागे ते कर्ज त्यांच्यावर येतं. उरलेलं कर्ज आणि घरी पाठवता त्या रकमेची दहा-बारा वर्षं भरून निघतील एवढं कवच घ्या. पॉलिसी साधी टर्मच हवी, ‘हप्ते परत’ देणारी नको, तिचा हप्ता बराच जास्त असतो.

## क्रम मागे फिरवायची वेळ

निधी वापरावा लागला की पायऱ्या उलट चालायच्या. समजा पंचविसाव्या महिन्यात वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी ४०,००० काढले आणि निधी ८४,००० वरून ४४,००० वर आला. त्याच महिन्यात कर्जातला जास्तीचा भरणा थांबवा. ठरलेला ५,९०० चा हप्ता मात्र चालूच ठेवा. एसआयपीही तात्पुरती थांबवा, बहुतेक फंडांत ती काही महिने स्थगित ठेवता येते. ६,५०० पुन्हा निधीकडे वळवले की साधारण सहा महिन्यांत तो भरतो, मग पायरी पाच जिथे सोडली तिथून सुरू करा. आधी घेतलेले युनिट विकू नका.

नोकरीच गेली तर आधी बचत खात्यातले, मग सर्वांत कमी दराच्या ठेवीतले पैसे वापरा. शैक्षणिक कर्जाच्या बँकेला पहिला हप्ता चुकण्याआधी लेखी कळवा. हप्ते पुढे ढकलणं किंवा मुदत वाढवणं याबद्दल खातं थकीत होण्याआधी बोलणं सोपं असतं, तीन हप्ते चुकल्यावर खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीत, होण्याच्या वाटेवर असतं आणि पर्याय आटतात. सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे नोकरी सोडण्याआधीच विचारून ठेवा.

पगार वाढला तर तिसरा कागद पुन्हा लिहा. भाडं वाढलं असेल किंवा घरी जास्त पाठवत असाल तर अटळ खर्च ३२,००० होतो आणि तीन महिन्यांचा निधी ९६,००० चा. वाढीव पगारातून आधी हे १२,००० भरून काढा आणि मगच एसआयपीची रक्कम वाढवा.